चेंडू सरकतो तेव्हा पाणी काय करतं?

निळ्या फरशांचा एक छोटा हौद, त्यात बुडालेला एक चेंडू. माऊसने पाण्याला स्पर्श केला की तरंग उठतात, चेंडू ओढला की पाणी ढवळून निघतं आणि तळाच्या फरशांवर प्रकाशाची जाळी थरथरते. एव्हन वॉलेस यांचा ‘वेबजीएल वॉटर’ हा डेमो २०११चा. ब्राउझरमध्ये हाताळता येणाऱ्या पाण्याचा विषय निघाला की आजही त्याचं नाव येतं, आणि ते रास्तच आहे. पण त्यातली प्रकाशाची कामगिरी इतकी देखणी आहे, की खालचं पाणी कसं वागतं याकडे पाहणाऱ्याचं लक्ष जात नाही. या कलेची आजची स्थिती मात्र तिथेच तपासायला हवी.

या पाण्याला खोली नसते, आत प्रवाह नसतो. असते ती फक्त उंची. हौदाच्या पृष्ठभागावर २५६ बाय २५६ चौकटींची जाळी कल्पायची आणि प्रत्येक चौकटीत दोन आकडे ठेवायचे: पाण्याची उंची आणि ती उंची बदलण्याचा वेग. हे आकडे चित्रासारखे एका टेक्स्चरमध्ये बसतात, त्यामुळे जीपीयूला सगळ्या चौकटी एकाच वेळी हाताळता येतात. शेजाऱ्याची जुनी उंची वाचायच्या आत ती बदलली जाऊ नये, म्हणून टेक्स्चर दोन ठेवतात. एकातून वाचायचं, दुसऱ्यात लिहायचं आणि पुढच्या पावलाला त्यांची अदलाबदल करायची. शेडरचा गाभा तीन ओळींचा आहे:

```
info.g += (average - info.r) * 2.0;
info.g *= 0.995;
info.r += info.g;
```

`info.r` ही उंची, `info.g` हा वेग आणि `average` ही चार शेजाऱ्यांच्या उंचीची सरासरी. चौकट शेजाऱ्यांपेक्षा खाली असेल तर ती वर खेचली जाते, वर असेल तर खाली. तरंगाचं समीकरण व्यवहारात एवढंच उरतं. मधली ओळ दर पावलाला वेग अर्ध्या टक्क्याने कमी करते, म्हणून पाणी हळूहळू शांत होतं.

त्यातला `2.0` हा आकडा डोळ्यांना सुचेल तसा बदलता येत नाही. त्याच्यामुळे तरंग एका पावलात सुमारे ०.७ चौकट पुढे जातो, आणि चौकोनी जाळीवर ही पद्धत जेमतेम तेवढाच वेग पेलू शकते. गणित मांडलं तर ०.९९५ या क्षयासह मर्यादा २.००५ येते. `2.1` लिहिलं तर जाळीच्या आकाराची सर्वांत बारीक थरथर दर पावलाला सुमारे दीडपट वाढू लागते. बिघाड ओळखणं सोपं असतं: पाण्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी उंचसखल नक्षी उमटते आणि क्षणार्धात सगळा पृष्ठभाग काट्यांनी भरून जातो.

आणखी एक दोष शांतपणे लपून राहतो. डेमो दर फ्रेमला दोन पावलं टाकतो. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर तरंग सेकंदात सुमारे ८५ चौकटी कापतो, म्हणजे हौद ओलांडायला त्याला तीन सेकंद लागतात. १४४ फ्रेमच्या पडद्यावर तेच अंतर सव्वा सेकंदात संपतं. पडदा बदलला की पाण्याचा स्वभाव बदलतो! उपाय माहीत असलेला आहे: पावलाची लांबी ठरवून टाकायची आणि उलटलेल्या वेळेत बसतील तेवढीच पावलं टाकायची. तरीही या डेमोवरून शिकून केलेल्या कामांत ही काळजी अनेकदा घेतलेली नसते.

खरी कसोटी मात्र वस्तूची. नवशिक्याची पहिली युक्ती अशी, की वस्तू जिथे असेल तिथे दर फ्रेमला पाण्यात खड्डा पाडायचा. मग स्थिर उभी नावही अखंड तरंग सोडत राहते आणि हौदातलं पाणी कमी कमी होत जातं. वॉलेस यांची युक्ती याहून कितीतरी शहाणी आहे. त्यांचा शेडर चेंडूच्या जुन्या जागेचं आकारमान उंचीत मिळवतो आणि नव्या जागेचं वजा करतो. चेंडू हलला नाही तर दोन्ही सारखी असल्याने बेरीज शून्य येते आणि पाणी निवांत राहतं. चेंडू खोल गेला की परिणाम विरतो, त्यामुळे तळाशी सरकवलेला चेंडू वर खळबळ माजवत नाही.

माथियास म्युलर यांनी ‘टेन मिनिट फिजिक्स’ या पाठमालेत हीच कल्पना उलट्या चिन्हाने वापरली आहे. वस्तूने व्यापलेली पाण्याची उंची मागच्या पावलापेक्षा जितकी वाढली, तिचा काही भाग ते पाण्याच्या उंचीत मिळवतात. हा फरक किरकोळ नाही. वॉलेस यांच्या पद्धतीत चेंडू पुढे सरकताना त्याच्यासमोर पाणी खचतं आणि मागे उचललं जातं. म्युलर यांच्या पद्धतीत ते पुढे फुगतं, नाळेपुढे चढावं तसं. वस्तू शिरल्यावर पाण्याची पातळी वाढायला हवी, हेही दुसऱ्या पद्धतीत नीट जमतं. म्युलर वस्तूची उंची मिळवण्याआधी ती शेजारच्या चौकटींत थोडी पसरवूनही घेतात. तसं न केल्यास वस्तूच्या धारदार कडेमुळे जाळीएवढी बारीक थरथर उठते आणि पाणी खरखरीत दिसू लागतं. चेंडूच्या हौदात हे सगळं उत्तम चालतं.

अडचण नावेशी येते. या समीकरणात आखूड-लांब सगळ्या तरंगांचा वेग एकच असतो. लाटेच्या लांबीच्या मानाने पाणी फारच उथळ असेल तिथे निसर्गातही तसंच घडतं, पण खोल पाण्यात लांब लाट आखूड लाटेपेक्षा वेगाने जाते. म्हणूनच तलावात नावेमागे उमटणाऱ्या पाचरीची प्रत्येक बाजू मार्गाशी सुमारे १९.५ अंशांचा कोन करते, आणि नाव जरा हळू गेली की जोरात, याने त्यात सहसा फरक पडत नाही. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये हे दाखवून दिलं. फार वेगवान बोटींमागे पाचर याहून अरुंद दिसते, हा त्यातला अपवाद.

एकाच वेगाच्या तरंगांना हे साधत नाही. त्यांची पाचर आवाजाहून वेगवान विमानामागच्या शंकूसारखी वागते. नाव तरंगाच्या दुप्पट वेगाने गेली तर कोन ३० अंशांचा, चौपट वेगाने गेली तर साडेचौदा अंशांचा, आणि तरंगापेक्षा हळू गेली तर पाचर उमटतच नाही. खऱ्या पाचरीच्या आतल्या पिसांसारख्या आडव्या-तिरक्या लाटाही दिसत नाहीत. पाणी कितीही चकचकीत रंगवलं, त्यात आकाशाचं प्रतिबिंब आणि फेस घातला, तरी त्या नावेचं वजन जाणवत नाही, त्याचं कारण बहुधा इथेच असतं.

उपाय शोधले गेले आहेत. जेरी टेसेनडॉर्फ यांच्या ‘आयवेव्ह’मध्ये जाळी आणि वस्तूंचे धक्के तसेच राहतात, फक्त चार शेजाऱ्यांऐवजी प्रत्येक चौकटीभोवतीच्या १३ बाय १३ चौकटी ठरावीक वजनांनी मिळवल्या जातात. त्यामुळे लांब आणि आखूड लाटांचे वेग आपोआप वेगळे होतात आणि नावेमागे केल्विनची पाचर उमटते. चार वाचनांच्या जागी १६९ वाचनं हा खर्च २००४ मध्ये जड होता; आजच्या जीपीयूला २५६ची जाळी अशी चालवणं कठीण नाही. २०१८ मध्ये आलेल्या ‘वॉटर सरफेस वेव्हलेट्स’ या पद्धतीने तर उंची साठवणंच सोडलं. ती प्रत्येक जागी, प्रत्येक दिशेला जाणाऱ्या लाटांची ताकद साठवते, त्यामुळे मोठ्या पाण्यावरही बारीक तरंग टिकतात. ती उभी करायला मात्र कष्ट पडतात, आणि तीन ओळींचा शेडर एका संध्याकाळी जमतो. म्हणूनच हौदासाठी घडलेला शेडर लोक तसाच तलावात नेऊन ठेवतात. आणि तिथे केवळ पाचरच चुकत नाही. जाळीच्या कडेला लाट भिंतीवर आपटल्यासारखी परत येते. हौदात ते शोभतं, पण मोकळ्या तलावात पाहणाऱ्याला अदृश्य भिंत दिसू लागते. ती घालवण्यासाठी कडेच्या पंधरा-वीस चौकटींत क्षय हळूहळू वाढवत न्यावा लागतो. तो एकदम वाढवला, तर त्या पट्ट्याच्या सुरुवातीलाच लाट परत फिरते.