समान की एकरूप?

संविधानाच्या अनुच्छेद ४४ चा मराठी मजकूर 'एकरूप नागरी संहिता' म्हणतो, हिंदी मजकूर 'एक समान सिविल संहिता' म्हणतो. वर्तमानपत्रांत मात्र आपण 'समान नागरी कायदा' लिहितो. रायपुरात हिंदी-मराठीच्या सीमेवर बसून अनुवाद करणाऱ्याला हा फरक सहज ओलांडता येत नाही. 'समान' म्हणजे हक्क सारखे, 'एकरूप' म्हणजे कायद्याचा साचा एक. या विषयावरच्या बहुतेक निबंधांत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात आणि मग धर्माधारित कायद्यांच्या बाजूचा आणि विरोधातला, दोघांचाही युक्तिवाद ढिला पडतो.

ते वेगळे पडलेले पाहायचे असतील तर सर्वोच्च न्यायालयाचा १७ जुलै २०२५ चा, आमच्याच राज्यातून गेलेल्या एका दाव्यातला निकाल वाचावा. न्यायमूर्ती संजय करोल आणि जॉयमाल्य बागची यांचे पीठ होते. प्रकरण उत्तर छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाचे. आजोबांना पाच मुलगे आणि एक मुलगी. त्या मुलीच्या वारसांनी आईचा वाटा मागितला आणि १९९२ मध्ये तो नाकारला गेला. कनिष्ठ न्यायालयांत ते हरले, २०२२ मध्ये बिलासपूरच्या उच्च न्यायालयातही हरले.

ते का हरले, ते पाहण्यासारखे आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २(२) अनुसूचित जमातींना त्या कायद्याबाहेर ठेवते. वारसांनी आपण हिंदू रीती स्वीकारल्याचेही सांगून पाहिले, पण ते टिकले नाही. उरली जमातीची रूढी. न्यायालयांनी विचारले की गोंडांमध्ये मुलीला वाटा मिळतो, अशी रूढी दाखवा. ती दाखवता आली नाही आणि दावा बुडाला. प्रश्न नेमका याच मांडणीत आहे. 'मुलीला वाटा मिळत नाही' अशी रूढी तरी कोणी सिद्ध केली होती? कोणीच नाही. पुराव्याचा सगळा भार एकाच बाजूवर टाकला होता. भावांचा हक्क गृहीत होता, बहिणीचा मात्र साक्षीपुराव्याने उभा करायचा होता. सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले ते इथेच. वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ बाईपणामुळे वाटा नाकारणे हे अनुच्छेद १४ च्या समतेला धरून नाही, असे म्हणून वारसांना बरोबरीचा वाटा दिला.

रिकामी जागा भरायला न्यायालयाने मध्य प्रांत कायदे अधिनियम, १८७५ याचाही आधार घेतला. नागपूरपासून रायपूरपर्यंत ज्या प्रांताला तो लागू होता, त्याचा वारसा आपण दोन्ही बाजूंनी सांगतो. त्याचे कलम ५ वारसा-विवाहासारख्या प्रश्नांत हिंदूंना हिंदू कायदा, मुसलमानांना मुस्लिम कायदा लावते. या दोन घरांत न बसणाऱ्यांसाठी कलम ६ आहे. त्यातले सूत्र मराठीत 'न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेकबुद्धी' असे होते, हिंदीत 'न्याय, साम्या और शुद्ध अंतःकरण'. हा कायदा २०१८ मध्ये रद्द झाला. पण त्याआधी निर्माण झालेला हक्क त्यामुळे जात नाही, असे न्यायालयाने ठरवले.

मला इथे थोडी अडचण वाटते. विवेक कोणाचा? ब्रिटिश काळात या सूत्राच्या आडून बऱ्याचदा इंग्रजी कायदाच आत येई. १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तसे जवळपास उघडच म्हटले. आज त्याच जागी संविधान आले, हे स्वागतार्हच. पण गोंड समाजातल्या बायका, पंचायती, वाटणीच्या वेळी प्रत्यक्षात काय ठरवतात, याचा शोध निकालात दिसत नाही. 'रूढी सिद्ध नाही' या वाक्यात रूढी नव्हती आणि रूढी न्यायालयापर्यंत पोचली नाही, अशा दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

तरीही निकालाचे मोल त्याच्या पद्धतीत आहे. गोंडांना दुसऱ्या कोणाच्या कायद्यात ढकलले नाही, मुलीला मात्र वाटा दिला. म्हणजे एकरूपता न आणता समानता आणली. याउलट उत्तराखंडची संहिता २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाली, तिचे नावच 'समान', पण अनुसूचित जमाती तिच्याबाहेर आहेत. तिथल्या आदिवासी मुलीपुरता साचाही एक झाला नाही आणि हक्कही जागचा हलला नाही. जमातींची स्वायत्तता जपण्यामागचे कारण मी हलके मानत नाही. जमिनी बाहेरच्यांच्या हाती जाण्याची भीती खरी आहे. १९९६ मध्ये मधू किश्वर खटल्यात छोटानागपूरच्या स्त्रियांना पूर्ण वारसाहक्क न देता बहुमताने त्यांचा जमिनीवर राहण्या-जगण्याचा हक्क तेवढा राखला. पण जमीन भावाच्या नावावर असली म्हणून ती आपोआप सुरक्षित राहते, हे कोणी दाखवून दिलेले नाही. बाहेरच्याला विक्रीची बंदी मुलीच्या नावावरच्या जमिनीलाही तशीच लावता येते.

आता पुढचा दावा कसा येईल? दुसऱ्या गावचे भाऊ या निकालातून धडा घेतील आणि चार वृद्ध साक्षीदार आणतील, जे शपथेवर सांगतील की आमच्यात मुलीला कधीच वाटा दिला नाही. रूढी काळात गोठून राहू शकत नाही आणि तिच्याआड लपून हक्क नाकारता येत नाही, असे या निकालात म्हटले आहे. पण सिद्ध झालेली रूढी इथे समोर नव्हती, त्यामुळे ते मत म्हणून उरते. तो दावा सूरजपूरच्या दिवाणी न्यायाधीशापुढे येईल तेव्हा त्याला अनुच्छेद १३ आणि १४ स्वतःच वाचावे लागतील.