शीर्षकातून ‘फेट’ गेलं, उरला आठ

२०१७चा ‘द फेट ऑफ द फ्यूरियस’ भारतात ‘फास्ट अँड फ्यूरियस ८’ या नावाने लागला. मूळ नावात श्लेष आहे: एफ आणि एट भरभर जोडून म्हणा, ‘फेट’ ऐकू येतं. हिंदी डबिंगमध्ये तो टिकणं शक्यच नाही. आकड्याने मालिकेतला क्रम तेवढा लगेच कळतो. पण डॉम आपल्याच माणसांवर उलटतो, त्यात त्याची मर्जी किती आणि नियती किती, ही खूण शीर्षकातून पुसली गेली. मला तरी हा तोटाच वाटतो. मात्र यावरून ‘भारतीय प्रेक्षकाला श्लेष कळत नाही’ असा निष्कर्ष काढाल, तर फसाल. इतर देशांतली नावं आधी शेजारी मांडा. इंग्रजीचं माहेर असलेल्या ब्रिटनमध्येही तो ‘फास्ट अँड फ्यूरियस ८’ म्हणूनच लागला होता.