सुंदर आरोपीला कमी शिक्षा? एक तक्ता नीट वाचून बघू

"दिसायला आकर्षक असलेल्या आरोपीला कमी शिक्षा होते, पण त्याने सौंदर्याचाच वापर करून गुन्हा केला असेल तर मात्र जास्त होते." सामाजिक मानसशास्त्र वाचत असाल तर हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. नेटच्या नोट्समध्ये ते असतं, प्रबंधांच्या साहित्य आढाव्यात असतं. पुढे कंसात दोन आडनावं आणि एक साल: सिगॉल आणि ऑस्ट्रोव्ह, १९७५. वाक्य इतकं गोळीबंद आहे की मूळ पेपर उघडून बघावा असं कुणाला वाटत नाही. आज आपण तो उघडू. पेपर जेमतेम पाच पानांचा आहे आणि त्यातला एक तक्ता या वाक्याबरोबर अर्धाच चालतो.

आधी प्रयोग समजून घेऊ. हॅरॉल्ड सिगॉल आणि नॅन्सी ऑस्ट्रोव्ह यांनी १२० विद्यार्थी घेतले, निम्मे मुलगे, निम्म्या मुली. प्रत्येकाला एका काल्पनिक बाईच्या गुन्ह्याची हकिकत वाचायला दिली. गुन्हे दोन प्रकारचे. काहींच्या हकिकतीत ती शेजाऱ्याच्या घरात घुसून चोरी करते. इतरांच्या हकिकतीत ती एका मध्यमवयीन अविवाहित पुरुषाशी गोड बोलून त्याचा विश्वास संपादन करते आणि अस्तित्वातच नसलेल्या कंपनीत त्याला पैसे गुंतवायला लावते. रक्कम दोन्हीकडे सारखीच, २,२०० डॉलर. हकिकतीला कधी आकर्षक बाईचा फोटो जोडलेला, कधी अनाकर्षक बाईचा, आणि कधी फोटोच नाही. म्हणजे दोन गुन्हे गुणिले तीन स्थिती, एकूण सहा गट आणि प्रत्येक गटात २० जण. काम एकच: या बाईला १ ते १५ वर्षांपैकी किती वर्षं तुरुंगात पाठवाल ते सांगा.

सरासरी शिक्षा (वर्षांमध्ये) अशी आली:

घरफोडी: आकर्षक २.८०, अनाकर्षक ५.२०, फोटो नाही ५.१०
फसवणूक: आकर्षक ५.४५, अनाकर्षक ४.३५, फोटो नाही ४.३५

आता पहिली ओळ बघा. बहुतेक लोक २.८० आणि ५.२० यांची तुलना करतात आणि थांबतात. पण या प्रयोगातली सगळ्यात उपयोगी गोष्ट शेवटच्या आकड्यात आहे. फोटो नसलेल्या गटाने ५.१० वर्षं दिली. म्हणजे चेहरा माहीतच नसेल तेव्हा लोक जेवढी शिक्षा देतात, जवळजवळ तेवढीच अनाकर्षक बाईला मिळाली. कुरूपतेची शिक्षा इथे दिसत नाही. दिसते ती सौंदर्याला मिळालेली सूट. ऐकायला हा शब्दांचा खेळ वाटेल, पण तसा तो नाही. "अनाकर्षक लोकांवर अन्याय होतो" आणि "आकर्षक लोकांना सवलत मिळते" ही दोन वेगळी गृहीतकं आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतील. नियंत्रण गट नसता तर ती वेगळी करताच आली नसती. तुमच्या आराखड्यात "फोटो नाही" असा गट नसेल तर हा प्रश्न तुम्हाला विचारताच येणार नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. आकर्षक बाईला ५.४५, अनाकर्षक बाईला ४.३५, म्हणजे १.१० वर्षांचा फरक. "सौंदर्याचा वापर करून गुन्हा केला तर जास्त शिक्षा" हे वाक्य उभं आहे ते या १.१० वर. तो आकडा किती भक्कम आहे?

पेपरमध्ये प्रमाणित विचलन शोधत बसू नका. दुसरी वाट आहे आणि ती कुठल्याही जुन्या पेपरला लागू पडते. लेखकांनी दोन्ही तुलनांचं एफ मूल्य दिलंय: घरफोडीसाठी ६.६०, फसवणुकीसाठी १.३९. दोनच सरासरींची तुलना असते तेव्हा एफचं वर्गमूळ म्हणजे टी. आणि टी म्हणजे फरक भागिले त्या फरकाची प्रमाण त्रुटी. म्हणजे उलटा हिशेब करून प्रमाण त्रुटी काढता येते. घरफोडीत ६.६० चं वर्गमूळ साधारण २.५७, २.४० भागिले २.५७, आलं ०.९३. फसवणुकीत १.३९ चं वर्गमूळ १.१८, १.१० भागिले १.१८, पुन्हा ०.९३. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, म्हणजे आपला हिशेब बरोबर आहे आणि छपाईतली चूकही नाही. (दोन्ही उत्तरं जुळली नसती तर तिथेच थांबून पेपरमध्ये काय चुकलंय ते शोधावं लागलं असतं. ही तपासणी फुकटची आहे, सोडू नका.)

आता प्रमाण त्रुटीच्या साधारण दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना घ्या, की ९५ टक्के विश्वासांतर मिळतं. घरफोडीतली सवलत: सुमारे अर्ध्या वर्षापासून सव्वाचार वर्षांपर्यंत. शून्य बाहेर आहे, म्हणजे सवलत आहे असं म्हणता येतं; पण किती, हे अगदी ढोबळपणेच. फसवणुकीतली जादा शिक्षा: उणे पाऊण वर्षापासून अधिक तीन वर्षांपर्यंत. शून्य अगदी आत बसलंय. हा फरक सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ नाही, आणि गंमत म्हणजे लेखकांनी स्वतःच तसं निकालात लिहिलंय. पुढे उद्धृत करणाऱ्यांच्या हातून ते गळून पडलं.

मग प्रयोग फसला का? नाही. दोन फरकांमधला फरक काढा. घरफोडीत आकर्षक बाईला २.४० कमी, फसवणुकीत १.१० जास्त, म्हणजे दोन टोकांत ३.५० वर्षांचं अंतर. त्याची प्रमाण त्रुटी ०.९३ गुणिले २ चं वर्गमूळ, साधारण १.३२. भागाकार २.६५, म्हणजे हा फरक सार्थ आहे. यालाच आंतरक्रिया म्हणतात. थोडक्यात, "सौंदर्याचा परिणाम गुन्ह्याच्या प्रकारावर अवलंबून असतो" हे या आकड्यांतून सिद्ध होतं. "फसवणाऱ्या सुंदर बाईला जास्त शिक्षा होते" हे होत नाही. फसवणुकीत सवलत नाहीशी होते, एवढंच खात्रीने म्हणता येतं. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. पाठ्यपुस्तकांत सहसा दुसरंच आलेलं असतं.

आणखी एक अडचण आकड्यांत दिसतच नाही. विद्यार्थी १२०, पण चेहरे किती? आकर्षक गटाला एक फोटो, अनाकर्षक गटाला दुसरा. दोन फोटोंमध्ये फक्त सौंदर्याचा फरक कधीच नसतो. वय, हसू, कपडे, केस, "चांगल्या घरातली वाटते" हा भाव, सगळंच बदलतं. विद्यार्थी दुप्पट केले तरी हा प्रश्न सुटत नाही, फोटो वाढवले तरच सुटतो. माणसांचा नमुना घेतो तसाच उद्दीपकांचाही नमुना घ्यावा लागतो.

आता वर्गातून बाहेर, खऱ्या कोर्टात. इथे मराठी वाचकाला नानावटी खटला आठवणारच. रुबाबदार नौदल अधिकारी, १९५९ चं मुंबई, आणि ज्युरीचा ८ विरुद्ध १ असा "निर्दोष" कौल, जो पुढे उच्च न्यायालयाने बाजूला सारून जन्मठेप दिली. पण ज्युरीवर रूपाचा परिणाम झाला, की गणवेशाचा, की हुद्द्याचा, की आरोपीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या 'ब्लिट्झ'चा? एका खटल्यातून हे धागे सुटे करता येत नाहीत. म्हणूनच बरेच खटले लागतात.

असं काम जॉन स्टुअर्ट यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये केलं. १९८० च्या त्यांच्या पेपरमध्ये ७४ आरोपी आहेत. निरीक्षक कोर्टात बसले, आरोपींच्या रूपाला गुण दिले आणि नंतर निकाल नोंदवले. जितका आरोपी आकर्षक तितकी शिक्षा कमी, असा संबंध दिसला. पण दोषी की निर्दोष या निकालाशी रूपाचा संबंध दिसला नाही. ही फाळणी आपल्याला विचार करायला लावणारी आहे. दोषसिद्धीच्या वेळी पुरावा समोर असतो, कायद्याने ठरवलेली कसोटी असते. शिक्षा किती, या प्रश्नावर मात्र "हा माणूस कसा आहे" या अंदाजाला जागा मिळते. आपल्याकडे आता ज्युरी नाही, दोषही न्यायाधीशच ठरवतात आणि शिक्षाही. पण दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकलं जातं. कुणाला इथे अभ्यास करायचा असेल तर बघायची जागा ती आहे.

तरी स्टुअर्ट यांचा निष्कर्ष कारण म्हणून घेऊ नका. जो आरोपी जामिनावर घरी आहे तो आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून येतो. जो महिनोन्‌महिने कोठडीत आहे तो तसा येऊ शकत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला बरा वकीलही मिळतो आणि बरे दातही. म्हणजे आपण "रूप" म्हणून मोजतो त्यात गरिबी आधीच मिसळलेली असते. शिवाय गुण देणारा निरीक्षक कोर्टातच बसलेला. आरोप त्याच्या कानावर पडला असेल तर खुनाच्या आरोपीचा चेहरा त्याला आपोआपच वाईट दिसू शकतो.

डाउन्स आणि लायन्स यांच्या १९९१ च्या टेक्ससमधल्या अभ्यासात दोन हजारांहून जास्त आरोपी होते, आणि बघितले होते न्यायाधीशांनी ठरवलेले जामीन आणि दंड. किरकोळ गुन्ह्यांत आकर्षक आरोपींच्या रकमा कमी निघाल्या. गंभीर गुन्ह्यांत तसा संबंध दिसला नाही. सगळा परिणाम गरिबीचाच असता तर तो गंभीर गुन्ह्यांतच का नाहीसा व्हावा, हा प्रश्न उरतो. एक सरळ स्पष्टीकरण असं, की प्रकरण गंभीर झालं की गुन्ह्याची माहितीच इतकी जड होते की चेहऱ्याला बोलायला वाव राहत नाही. हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, पण या आकड्यांनी ते सिद्ध केलेलं नाही. आणि किरकोळ म्हणून सोडूनही देऊ नका. जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून जो आत राहतो, त्याच्या दृष्टीने ती किरकोळ नसते.

तुम्ही स्वतः असा अभ्यास करणार असाल तर तीन गोष्टी आधीच ठरवा. रूपाला गुण देणाऱ्यांना आरोप आणि निकाल माहीत नसावा. आरोपी जामिनावर आहे की कोठडीत, याची नोंद हवी. आणि पूर्वीचे गुन्हे नोंदीत हवेत, कारण शिक्षा ठरवताना न्यायाधीश तेही बघतात. यातली एक गोष्ट सुटली तर तुमचा आकडा नेमका कशाचा, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

आणि साहित्य आढाव्यात आता ते गोळीबंद वाक्य लिहू नका. त्याऐवजी असं काहीतरी लिहा: "विद्यार्थ्यांवरील एका प्रयोगात घरफोडीसाठी आकर्षक आरोपीला फोटो नसलेल्या आरोपीपेक्षा कमी शिक्षा सुचवली गेली, फसवणुकीत ही सवलत दिसली नाही. प्रत्यक्ष न्यायालयांत रूपाचा संबंध दोषसिद्धीशी नव्हे तर शिक्षेशी, आणि जामीन-दंडाच्या बाबतीत किरकोळ गुन्ह्यांशी आढळला. तो आर्थिक स्थितीपासून वेगळा केलेला नाही." वाक्य लांबलं, चटकदार राहिलं नाही. पण व्हायव्हाला कुणी "हे कशावरून?" असं विचारलं, तर यातल्या प्रत्येक तुकड्यासाठी तुम्हाला बोट ठेवायला जागा आहे.