वैरातून प्रीती

नायक-नायिकांनी आरंभी एकमेकांचा तिरस्कार करावा आणि अखेरीस विवाहबद्ध व्हावे, हा कादंबरीचा जुनाच संकेत आहे. शेवट आधीच कळत असताही वाचक त्यात रमतो, याचे कारण काय? उत्तरासाठी आम्ही जेन ऑस्टिन हिची १८१३ साली प्रसिद्ध झालेली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी घेतो.

एका नृत्यसमारंभात डार्सी एलिझाबेथच्या रूपाविषयी तुच्छतेने बोलतो आणि ते तिच्या कानी पडते. एकूण ६१ प्रकरणांपैकी ३४ व्या प्रकरणात तो तिला मागणी घालतो. पण त्या वेळीही तिच्या कुळाचा कमीपणा बोलून दाखवतो. ती त्याला झिडकारते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हाती एक पत्र देतो. ते पुनःपुन्हा वाचताना आपण विकहॅमच्या गोड बोलण्यास भुललो, हे तिला उमगते आणि तिला स्वतःचीच लाज वाटते. इकडे तिच्या नकाराने डार्सीचाही ताठा उतरतो. पुढे तो तिच्या बहिणीची अब्रू गाजावाजा न करता सावरतो.

आमच्या मते वाचकाचे समाधान येथेच आहे. वैऱ्याची दृष्टी दोष आधी हेरते. त्या दृष्टीला अखेर पटलेले माणूस पारखून घेतलेले असते. उलट, जेथे नायकाचा उद्धटपणा तसाच राहून क्षम्य ठरतो, किंवा चार शब्दांत मिटणारा गैरसमज तीनशे पाने ताणला जातो, तेथे शेवट गोड होऊनही मन निवत नाही. ‘आपले चुकले’ असे दोघांनाही मनोमन वाटले नसेल, तर तो विवाह पात्रांनी केलेला नसून लेखकाने लावलेला असतो.