कोजागरीच्या गच्चीसाठी एक अभंग

आश्विनातल्या पौर्णिमेला बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये रात्रीचे दोन मजले असतात. खाली आवारात गुजराती शेजाऱ्यांचा शरदपूनमचा गरबा फेर धरून फिरत असतो आणि वर गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, सतरंजी अंथरून भजनी मंडळ बसलेले असते. मधोमध पेटी, दोनचार टाळ, आणि कठड्यापाशी मसाला दुधाचे पातेले. दहानंतर ध्वनिवर्धकाला परवानगी नसते, तेव्हा वरच्या मंडळींना आपल्या गळ्याचाच आधार. अशा जागी गाण्यासाठी एक नवा अभंग लिहायचा, आणि तोही शीतल, निश्चल प्रतिमांचा, तर त्याचा शब्द न् शब्द कसा पारखावा, याचा वेध आपण एका छोट्याशा रचनेच्या निमित्ताने घेऊ या. ती या लेखासाठीच रचली आहे.

शांत ही पौर्णिमा । शांत उभा हरी ।
चांदणे पायरी । पायांपाशी ॥

ऊन ओसरले । फरशी निवली ।
तैसी गे माउली । निववी तू ॥

डोंगराच्या कुशी । तळे न हालते ।
चंद्राला पेलते । एकटेच ॥

पळी थांबे तेव्हा । चंद्र ये दुधात ।
देव ये मनात । थांबताच ॥

घाट मोठ्या अभंगाचा आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. जोडाक्षर एकच धरायचे, म्हणून ‘पौर्णिमा’ तीन अक्षरांत बसते. चौथा चरण आखूड, आणि यमकातूनही सुटलेला. तीनदा भरून आलेली लाट चौथ्यांदा वाळूवर आपसूक पसरावी, तसा तो येतो. शांत गाण्याला हा घाट मानवतो तो या आखूड चरणामुळेच, कारण दोन अक्षरांची जी जागा तिथे मोकळी राहते, ती पेटीला आणि श्वासाला मिळते.

शांत रस मागणाऱ्या रात्री देव कोणता निवडावा? कोजागरीची देवता लक्ष्मी. पण ती ‘कोण जागे आहे’ असे विचारत फिरते, म्हणजे तिची कथाच मुळी चालण्याची. विठ्ठल मात्र विटेवर उभा आहे, कर कटीवर, एवढेच त्याचे चरित्र. शिवाय तो सावळा. शुभ्र चांदण्याच्या मधोमध काळेभोर स्थैर्य उभे राहिले की चित्राला केंद्र मिळते, आणि हे काळेपण ध्रुवपदात उच्चारावेही लागत नाही, ‘हरी’ म्हणताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते असतेच. मग चांदणे त्याच्या अंगावर न ओतता त्याच्या पायांपाशी पायरी म्हणून ठेवले आहे. चांदण्याला असा सपाट, आडवा, दगडी आकार दिला की ते वाहायचे थांबते. पंढरपूरच्या महाद्वारातल्या नामदेव पायरीची आठवण मराठी मनात आपोआप जागते, आणि ती सांगून दाखवण्याची गरज पडत नाही.

गारव्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. कोजागरी येते तीच मुळी ऑक्टोबरच्या उकाड्यात. पाऊस नुकताच परतलेला, हवा दमट, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आठलाही बसणाऱ्याला गरम लागतो. अशा गच्चीवर ‘हिमकण’, ‘बर्फाळ वारा’ असे शब्द गायले, तर घाम पुसणारी माणसे ते ऐकतील, पण त्यांना ते लागणार नाहीत. खरा गारवा मुंबईच्या गच्चीवर येतो तो उष्णता ओसरण्याच्या रूपाने. गच्चीवर बसवलेल्या चायना मोझॅकच्या पांढऱ्या तुकड्यांवर तळहात टेकून पाहावा: नऊला कोमट, अकराला नुसते निवांत, आणि बाराच्या सुमारास चक्क गार. ‘फरशी निवली’ हे गायचे आहे ते हाताखाली खरोखर निवलेल्या फरशीवर. म्हणून हे कडवे पहिल्या तासात घेऊ नये, असेच मला वाटते. ‘निवली’ आणि ‘निववी’ या एकाच क्रियेच्या दोन रूपांत फरशीपासून माउलीपर्यंतचा प्रवास झाला आहे, आणि त्यासाठी एकही उपमान बाहेरून आणावे लागलेले नाही.

निश्चलतेचे गुरू ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कथा कशी ऐकावी हे सांगताना शरदातल्या चंद्रकलेचे कोवळे अमृतकण हळुवारपणे वेचणारी चकोराची पिले येतात, आणि थोड्याच ओव्यांनी पुढे आपली जागा न सोडता चंद्राला आलिंगन देणारी कुमुदिनी. ही कुमुदिनी मला चकोराहून अधिक प्रिय आहे: भेटीचा सारा आवेग आहे, आणि देठ जागचा हललेला नाही. पण ती जशीच्या तशी उचलली, तर उसनी दिसेल. उपनगराकडे तिच्या तोलाचे काय आहे? बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधल्या डोंगरात, राष्ट्रीय उद्यानाच्या झाडीत, तुळशी तलाव आहे. रात्री तिथे कोणी जात नाही. तळ्यात पौर्णिमा उतरलेली असते आणि ती पाहायला माणूस नसतो. तिसऱ्या कडव्यात हेच तळे आहे. आधी तिथे ‘झेलते’ सुचते, पण झेलण्यात हात पुढे येतात. ‘पेलते’ म्हटले की भार येतो आणि हालचाल जाते. अशा गाण्याची परीक्षा घ्यायची, तर त्यातली फक्त क्रियापदे ओळीने वाचावीत. झुळझुळणे, नाचणे, उधळणे यांपैकी एक जरी सापडले, तरी बाकीची सारी शीतलता ते ढवळून काढते.

चौथ्या कडव्याला रात्रीच्या घड्याळाची साथ आहे. मध्यरात्री हा चंद्र मुंबईत जवळजवळ माथ्यावर असतो, म्हणून पातेल्यातले त्याचे बिंब लांबून दिसत नाही, वाकून पाहावे लागते. दुधात पाण्यासारखे खोल बिंब उमटत नाही, वरच्या पापुद्र्यावर एक पांढरी चमक तेवढी थरथरते, ढवळणे थांबले की क्षणभर गोल होते आणि साय धरू लागली की पुसट होते. इतका थोडा अवधी आहे, आणि कडवे त्या अवधीतच उभे आहे. आता यमकांकडे कान द्या. आधीच्या कडव्यांत ‘हरी’, ‘निवली’, ‘हालते’ असे उघडे दीर्घ स्वर आहेत, कारण गच्चीवर भिंती नसल्याने आवाज परतून येत नाही आणि स्वर लांबवूनच गाणे भरावे लागते. चौथ्यात मात्र ‘दुधात’, ‘मनात’, आणि यमकाबाहेरचे ‘थांबताच’. इथे जीभ दाताशी, टाळूशी येऊन थांबते, आणि शब्दाचा अर्थ तोंडात घडतो. समूहासाठी लिहिताना असे उच्चार जपायला हवेत. ‘ज्योत्स्ना’ कितीही देखणा शब्द असला, तरी वीस गळ्यांत तो एकदम सुटत नाही.

चाल बागेश्रीत बांधावी. रात्रीचा राग, मध्यम त्याचा वादी स्वर, आणि ‘पायांपाशी’चा शेवट त्या मध्यमावर टेकवला की ध्रुवपदाला बसायला जागा मिळते. भजनी ठेका विलंबितातच ठेवावा, टाळ बोटांत अर्धे दाबून, आणि पट्टी स्त्री-पुरुष दोघांनाही झेपेल अशी थोडी खालची, कारण वरच्या पट्टीत गाताना आवाज खालच्या गरब्याशी स्पर्धा करू लागतो आणि ठेका नकळत त्याच्या लयीला जाऊन मिळतो.