नानकिंगच्या तहात अफू शोधताना

अफूच्या युद्धाची गोष्ट आपण शाळेत शिकतो ती साधारण अशी : इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, पण त्यासाठी चांदी मोजायची नव्हती, म्हणून त्यांनी बंगालची अफू चीनमध्ये घुसवली. चीनने विरोध केला, युद्ध झाले, चीन हरला आणि पाच बंदरे खुली झाली. यात खोटे काही नाही. तरीही या गोष्टीबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे तिच्यात मुंबई नाही. दुसरी, दार फोडले गेले एवढे सांगून ती थांबते. ते दार पुन्हा लावताच येऊ नये याची तजवीज कशी केली गेली, हे तहांच्या कलमांत आहे. आणि कलमे सहसा कोणी वाचत नाही.

आधी मुंबईचे पाहू. बंगाल-बिहारच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. शेतकऱ्याला उचल द्यायची, चीक ठरल्या भावाने घ्यायचा आणि कलकत्त्याला पेट्यांचा लिलाव करायचा. चीनमध्ये अफूला बंदी असल्यामुळे कंपनी स्वतः माल नेत नसे. लिलावात घेणारे खासगी व्यापारी नेत. पण माळव्याची अफू पिकत होती शिंदे-होळकरांच्या आणि आसपासच्या संस्थानांच्या मुलुखात. तिथे पैसा होता सावकारांचा, आणि कंपनीचा हात तिथवर पुरत नव्हता. 1818 नंतर कंपनीने आधी ही अफू स्वतःच विकत घेऊन पाहिली, मग संस्थानिकांशी करार करून तिची वाट अडवून पाहिली. माल थांबला नाही. तो राजपुतान्यातून सिंधमध्ये, कराचीहून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला आणि तिथून चीनला जाऊ लागला. अखेर 1830च्या सुमारास कंपनीने पवित्रा बदलला. अडवायचे सोडून तिने परवाने विकायला सुरुवात केली. मुंबईहून जाणाऱ्या पेटीमागे 175 रुपये. तेही दमणच्या वाटेपुढे महाग पडतात असे दिसल्यावर 1835मध्ये 125. पुढे 1843 साली सिंध खालसा झाला, आडवाट बंद झाली, आणि 1847पर्यंत हाच परवाना 400 रुपयांवर गेला. सिंधच्या लढाईचे वर्णन करणाऱ्या पुस्तकांत मला ही आकडेवारी क्वचितच भेटते.

या चढाओढीचा परिणाम चीनच्या किनाऱ्यावर झाला. माळवी माल स्वस्त येऊ लागला तेव्हा कंपनीने बंगालमधली लागवड वाढवली. दोन्हीकडून माल वाढला, भाव उतरले, गिऱ्हाईक वाढले. शतकाच्या आरंभी वर्षाला चारेक हजार पेट्या जात. 1838-39च्या हंगामात हा आकडा चाळीस हजारांच्या आसपास पोचला होता. चिनी दरबार हादरला तो या वाढीने आणि त्याबरोबर बाहेर जाणाऱ्या चांदीने. चांदी महागण्याचे सारे खापर अफूवर फोडता येत नाही, जगातल्या चांदीचा पुरवठाही त्या काळात आटला होता, हे मला मान्य आहे. पण दरबाराला दिसत होती ती अफूच.

1839मध्ये आयुक्त लिन त्सेश्यू यांनी कँटनच्या परदेशी व्यापाऱ्यांकडून 20,283 पेट्या ताब्यात घेतल्या आणि नष्ट केल्या. त्या देताना ब्रिटिश अधिकारी चार्ल्स एलियट यांनी व्यापाऱ्यांना सांगितले, की माल राणी सरकारच्या नावे द्या, भरपाई सरकार करील. या एका वाक्याने चोरट्या मालाचे नुकसान ब्रिटिश राज्याचे येणे होऊन बसले. पेट्या ज्यांच्या ताब्यात होत्या त्या जार्डिन-मॅथेसनसारख्या पेढ्या; पण त्यातला बराच माल मुंबईच्या व्यापाऱ्यांनी अडतीवर पाठवलेला होता. जमशेटजी जीजीभाई हे जार्डिन-मॅथेसनचे मुंबईतले मोठे भागीदार. भरपाईसाठी मुंबईहूनही अर्ज गेले.

आता तहाकडे वळू. 29 ऑगस्ट 1842 रोजी नानकिंगसमोर ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर तहावर सह्या झाल्या. ही नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली. तहात तेरा कलमे आहेत. पाच बंदरे, हाँगकाँग, कँटनच्या हाँग व्यापाऱ्यांची मक्तेदारी रद्द, असे सगळे त्यात आहे. अफू मात्र एकदाच येते, तीही वसुलीत : दोन कोटी दहा लाख चांदीच्या डॉलरांपैकी साठ लाख नष्ट केलेल्या अफूचे. अफूचा व्यापार चालू राहील की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. बंदी कागदावर कायम, आणि माल हाँगकाँगच्या कोठारांतून पूर्ववत चालू. या मौनाला मी विसरभोळेपणा म्हणणार नाही.

पण नानकिंगच्या तहाने चीनचे हात पुरते बांधले नाहीत. ते काम पुढच्या वर्षभरातल्या पुरवणी करारांनी केले. आयात-निर्यातीवरची जकात साधारण पाच टक्के धरून ठरवली गेली. ब्रिटिश माणसावरचा फौजदारी खटला ब्रिटिश अधिकाऱ्याकडेच चालेल असे ठरले. आणि इतर कोणत्याही देशाला जी सवलत मिळेल ती इंग्रजांनाही आपोआप मिळेल हे कलम घातले गेले. चिनी वाटाघाटीकार मूर्ख होते असे यावरून कोणी समजू नये. परक्यांचा बंदोबस्त त्यांच्याच मुखियाने करावा ही तिथली जुनी वहिवाट होती, सर्वांना सारखे वागवणे ही बादशहाची कृपा मानली जाई आणि ठरलेली जकातही त्या वेळी फार कमी वाटली नव्हती. बिघडले ते पुढे. जकात ठरवण्याचा हक्क आता एकट्या चीनचा राहिला नव्हता. गरज पडली तरी ती वाढवायची तर इंग्रजांची संमती लागणार होती.

तिसरे कलम कसे चालते याचे एकच उदाहरण देतो. 3 जुलै 1844 रोजी अमेरिकेने वांगशिया येथे स्वतःचा तह केला. त्यात दोन गोष्टी होत्या. अफू विकणाऱ्या अमेरिकनाला सरकारचे संरक्षण मिळणार नाही, ही एक. बारा वर्षांनी तहात फेरफार करता येईल, ही दुसरी. इंग्रजांनी पहिलीकडे पाठ फिरवली आणि दुसरी ‘सर्वांना सारखी सवलत’ म्हणून आपल्याकडे ओढली. बारा वर्षे मोजली ती 1842पासून, म्हणून 1854 साली त्यांनी फेरतपासणी मागितली. चीनने टाळले. 1856मध्ये ‘अ‍ॅरो’ या जहाजावरच्या झडतीचे निमित्त होऊन पुन्हा युद्ध पेटले, फ्रान्सही सामील झाला. 1858च्या त्येनत्सिन तहानंतर त्याच नोव्हेंबरात शांघायला जकातीचा नवा तक्ता ठरला. त्यात अफूची ओळ आहे : पिकुलमागे तीस तेल चांदी. माळव्याची एक पेटी म्हणजे जवळपास एक पिकुल. 1842च्या तहाने जिच्याविषयी मौन पाळले ती अफू सोळा वर्षांनी उघड व्यापाराचा माल झाली, आणि तिथवर नेणारी वाट अफूला संरक्षण नाकारणाऱ्या तहातून गेली.

म्हणून ‘अफूचे युद्ध’ या नावावर माझा आक्षेप आहे. त्या नावाने लक्ष अफूवर आणि तोफांवर राहते. अफूचा व्यापार पुढे संपला, जकातीचे आणि खटल्यांचे कलम मात्र त्याच्याही नंतर टिकले. जकातीचा हक्क चीनला 1928पासून परत मिळू लागला. 14 जून 1942 रोजी गांधीजींनी इथून, सेवाग्रामहून, च्यांग काय-शेक यांना पत्र लिहिले, तेव्हा चीनमधल्या इंग्रजावर चिनी न्यायालयात खटला भरता येत नव्हता. तो विशेषाधिकार ब्रिटनने 11 जानेवारी 1943च्या तहाने सोडला. त्या दिवशी गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये ब्रिटिशांच्याच कैदेत होते. हाँगकाँग त्या तहातही परत मिळाले नाही.