पत्रातल्या दोन नळ्या

११ जून १६४४ रोजी इव्हान्जेलिस्ता टॉरिचेल्लीने फ्लॉरेन्सहून रोमला मायकेलअँजेलो रिची या आपल्या मित्राला एक पत्र लिहिलं. स्ट्रॉमधून शहाळ्याचं पाणी वर का येतं, याचं इतकं देखणं उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही, आणि त्या पत्रात स्ट्रॉ कुठेच नाही. आहेत त्या काचेच्या दोन नळ्या आणि पारा.

एका टोकाला बंद असलेली नळी पाऱ्याने काठोकाठ भरायची, तोंडावर बोट दाबून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरायची आणि बोट काढायचं. पारा खाली घसरतो आणि एका उंचीवर थांबतो. आजच्या मापाने ही उंची सुमारे ७६ सेंटिमीटर. वर मोकळी जागा उरते. त्या काळचे बहुतेक विद्वान म्हणाले असते, की निसर्गाला पोकळी सहन होत नाही, म्हणून तीच पाऱ्याला वर ओढून धरते. आपणही स्ट्रॉने पाणी ‘ओढतो’ असंच म्हणतो.

टॉरिचेल्लीची प्रतिभा दुसऱ्या नळीत दिसते. तिच्या बंद टोकाला त्याने काचेचा मोठा फुगा ठेवला. पोकळी ओढत असेल, तर मोठी पोकळी जास्त जोराने ओढेल आणि फुगेवाल्या नळीत पारा उंच राहील. दोन्ही नळ्या शेजारी उभ्या केल्या, तर दोहोंत पारा एकाच पातळीवर. म्हणजे पाऱ्याला धरून ठेवणारं बळ नळीच्या आत नाहीच. ते बाहेर आहे. भांड्यातल्या पाऱ्यावर हवेचा अख्खा थर वजन टाकून बसला आहे, आणि नळीत वरून तसं वजन नाही. युक्तिवाद करायला शब्दांऐवजी काचेचा आकार वापरावा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता स्ट्रॉकडे येऊ. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर हवेचं वजन साधारण एक किलो पडतं. तेवढा दाब पाण्याला सुमारे १०.३ मीटर उचलू शकतो. शहाळ्यातल्या पाण्यापासून ओठांपर्यंत २० सेंटिमीटरची चढण असेल, तर तोंडातला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम दोन टक्के कमी करावा लागतो. आपण गाल आणि जीभ हलवून तोंडातली जागा वाढवतो, दाब तेवढा उतरतो आणि आपलं काम संपतं. पाणी उचलण्याचं काम शहाळ्यावरची हवा करते. विहिरीवरच्या पंपालाही हीच सीमा आहे. सक्शन पाइपची उंची व्यवहारात सात-आठ मीटरच्या पुढे गेली की कितीही ताकदीची मोटर बसवा, पाणी चढत नाही. पंप विहिरीत खाली उतरवावा लागतो.

रिचीने उलट विचारलं: भांड्यावर घट्ट झाकण ठेवलं तर? मग वरच्या हवेचं वजन पाऱ्यावर पडणारच नाही. टॉरिचेल्लीचं उत्तर पत्रव्यवहाराचा कळस आहे. दाबलेल्या लोकरीच्या ढिगात मध्येच पत्रा सरकवला, तरी पत्र्याखालची लोकर दाबलेलीच राहते. झाकणाखालची हवाही तशीच दाबलेली राहते आणि तेवढ्याच जोराने रेटते. ती विरळ झाली, तरच पारा उतरेल.

हे घरी पाहता येतं. लिटरची बाटली अर्धी पाण्याने भरा, बुचाला भोक पाडून स्ट्रॉ बसवा आणि भोवतालची फट पक्की बुजवा. पहिला घोट सहज येतो, कारण आतली अर्धा लिटर हवा अजून दाबलेली असते. पण २५ मिलिलीटर पाणी निघालं की त्या हवेला तेवढी जास्त जागा मिळते आणि दाब सुमारे पाच टक्क्यांनी उतरतो. आता स्ट्रॉची चढण जणू अर्ध्या मीटरने वाढली. गाल आत जातात, पाणी येईनासं होतं. तोंड सोडलं की बाहेरची हवा बुडबुडत आत शिरते आणि पुढचा घोट पुन्हा सोपा होतो.

व्हॅक्यूम क्लीनरमध्ये गालांचं काम पंखा करतो. तो आतली हवा मागून बाहेर फेकतो, आतला दाब उतरतो, खोलीतली हवा नळीत घुसते आणि वाटेतली धूळ वाहून नेते. नळीचं तोंड तळहाताने पूर्ण बंद करून पाहा. आतला दाब तेव्हा सर्वांत कमी असतो, म्हणून तळहात नळीवर गच्च दाबला जातो. हवा वाहत नसल्याने पंख्यावरचा भार कमी होतो, मोटर जास्त वेगाने फिरते आणि तिचा आवाज चढतो. पण जवळ पडलेला धुळीचा कण जागचा हलत नाही, कारण त्याला ढकलत नेणाऱ्या हवेची वाटच अडलेली असते.